कर्ता कुठे आहे? छापील युक्तिवादाचे विश्लेषण करू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत मराठी किंवा पत्रकारिता शिकणाऱ्यांना ‘अमुक लेखाचे विश्लेषण करा’ असा गृहपाठ मिळाला, की बहुतेक वह्यांत दोनच गोष्टी उतरतात. काहींनी लेखाचा सारांश लिहिलेला असतो, तर काहींनी आपण लेखकाशी सहमत का आहोत किंवा का नाही हे लिहिलेले असते. दोन्ही लिहिण्यासारखेच असते, पण विचारलेले काम त्यातून होत नाही. लेखकाने आपले म्हणणे वाचकाच्या गळी उतरवण्यासाठी कोणता क्रम लावला, कोणता सूर धरला, काय आधी सांगितले आणि काय मागे ठेवले, आणि त्यामुळे वाचकाच्या मनात काय घडले असावे, हे मजकुरातले शब्द पुढे ठेवून दाखवणे हे ते काम आहे. ते कसे करावे हे एका उदाहरणावर, पायरी-पायरीने पाहू.

उदाहरण म्हणून जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ सालच्या ग्रंथाचा उपोद्घात घेतो. त्याच्या आरंभीच्या सहा ओळी महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पाठ आहेत:

विद्येविना मती गेली;
मतीविना नीती गेली;
नीतीविना गती गेली;
गतीविना वित्त गेले;
वित्ताविना शूद्र खचले;
इतके अनर्थ एका अविद्येने केले.

पाठ असलेला मजकूर विश्लेषणाला अवघड जातो, कारण आपण तो वाचत नाही, नुसता म्हणतो. तरीही हाच निवडला, कारण तो लहान आहे, त्यातला प्रत्येक शब्द तपासता येतो, आणि त्यापुढचे गद्य फारच थोड्यांनी वाचलेले असते. या शेवटच्या गोष्टीमुळे केवढा फरक पडतो हे पुढे दिसेल.

पहिली पायरी: पूर्ण मजकूर मिळवा आणि तो कोणत्या दिवसांत लिहिला गेला ते टिपा

शाळेच्या भिंतीवर रंगवलेल्या ओळींवरून किंवा मोबाइलवर आलेल्या चित्रावरून विश्लेषण करू नये. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले आहे, आणि ठाण्यात राहणाऱ्याला ते शोधायला मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९३ सालापासूनची संस्था गावातच आहे. ओळींमागून येणारी गद्याची सारी पाने वाचावीत. ‘नीति’, ‘गति’ असे जुने लेखन दिसले तर अवतरणात ते तसेच ठेवायचे की आजच्या पद्धतीने लिहायचे हे एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावे.

मग वहीच्या एका पानावर आसपासच्या घटना सनावळीसह लिहाव्यात. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले आणि शेतकऱ्यांनी कर्जाचे दस्त जाळले. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्यासाठी कायदा केला. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे फुल्यांनी निवेदन दिले. एवढे टिपण पुरे आहे. नवखे विद्यार्थी इथे लेखकाचे सबंध चरित्र उतरवतात आणि मूळ मजकुरावर यायला दोन पाने लागतात, म्हणून एक नियम पाळावा: ज्या घटनेमुळे मजकुरातला एखादा शब्द अधिक नीट कळतो तेवढीच ठेवावी. सावकारी आणि दुष्काळ ठेवल्याने ‘वित्त गेले’ आणि ‘खचले’ हे शब्द कोणाला उद्देशून आहेत ते कळते. जन्मगाव आणि शाळेचे नाव यांनी तसे काही कळत नाही.

दुसरी पायरी: ऐकणारा कोण, हे मजकुरातूनच शोधा

‘लेखकाचा वाचक म्हणजे सर्वसामान्य जनता’ असे वाक्य लिहून विद्यार्थी मोकळे होतात. सर्वसामान्य जनता नावाचा वाचक कधीच नसतो. मजकूर कोणाशी बोलतो याच्या खुणा मजकुरातच असतात, आणि या उपोद्घातात तर त्या अगदी ठळक आहेत. ग्रंथ तयार होत असताना आपण तो वेळोवेळी लोकांना वाचून दाखवला असे फुले सांगतात. ज्या गावच्या मंडळींनी तो ऐकला आणि खरा आहे म्हणून सह्या दिल्या त्यांची यादी देताना पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर यांच्याबरोबर ठाण्याचेही नाव येते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी राजकारभारातून वेळ काढून तो ऐकल्याचा उल्लेखही ते कृतज्ञतेने करतात.

या दोन उल्लेखांकडे आभारप्रदर्शन म्हणून पाहिले तर विश्लेषण तिथेच संपते. लेखक ज्यांच्या अविद्येबद्दल लिहितो आहे, त्यांतल्या बहुतेकांना पुस्तक वाचता येत नाही. म्हणून मजकूर कानाने ऐकला जाईल हे गृहीत धरूनच तो रचावा लागतो, आणि सहा ओळींतली पुनरुक्ती ही आधी या गरजेतून पाहावी लागते. दुसरीकडे, ज्याला वाचता येते असा शिकलेला वाचक किंवा अधिकारी हे पुस्तक हाती धरील तेव्हा त्याची पहिली शंका अशी असेल, की हे एकट्या माणसाचे गाऱ्हाणे कशावरून नाही? गावोगावच्या सह्या त्या शंकेला उत्तर देतात. एका गावच्या सह्या असत्या तर त्या ओळखीपाळखीच्या म्हणून सोडून देता आल्या असत्या, परंतु शहर, बाजारपेठ आणि खेडे अशी मिश्र यादी दिल्यावर ते सोपे राहत नाही. आणि राजाने ऐकल्याचा उल्लेख झाल्यावर, ऐकण्याच्याही लायकीचे नाही असे म्हणण्याची सोय बंद होते.

ॲरिस्टॉटलने पटवण्याची तीन साधने सांगितली: बोलणाऱ्याचे शील, ऐकणाऱ्याच्या भावना आणि खुद्द युक्तिवाद. वर्गात ही तीन नावे शिकवली जातात आणि मग वाक्यांवर शिक्के मारण्याचा खेळ सुरू होतो. माझ्या मते नवख्याने पहिल्या खर्ड्यात ही नावे वापरूच नयेत. ‘येथे शीलाचा वापर केला आहे’ असे लिहिले की काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कोणती शंका कोणाच्या मनात होती आणि ती कोणत्या तपशिलाने दूर झाली, हे लिहायचे राहूनच जाते.

तिसरी पायरी: क्रियापदे अधोरेखित करा आणि कर्ता शोधा

आता पेन्सिल घ्यावी आणि सहाही ओळींतली क्रियापदे अधोरेखित करावीत. गेली, गेली, गेली, गेले, खचले, केले. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि विश्लेषणाचा सर्वांत मोठा भाग त्यातून निघतो.

पहिल्या चार ओळींत काहीतरी ‘जाते’, पाचव्या ओळीत शूद्र ‘खचतो’. जाणे आणि खचणे या क्रिया आपोआप घडतात, त्यांना करणारा लागत नाही. मती कोणी घेतली, वित्त कोणी नेले, हा प्रश्न व्याकरणच उभा राहू देत नाही. ‘मती हिरावली’ किंवा ‘वित्त लुबाडले’ असे लिहिले असते तर ऐकणाऱ्याने तत्काळ विचारले असते, ‘कोणी?’ सहाव्या ओळीत पहिल्यांदा ‘केले’ हे करणाऱ्याची अपेक्षा असलेले क्रियापद येते, आणि तिथे जो करणारा मिळतो तो माणूस नाही, तर अविद्या आहे. म्हणजे सहा ओळींत एवढे मोठे नुकसान सांगितले जाते आणि एकाही माणसावर बोट ठेवले जात नाही.

ही गोष्ट सापडली की थांबायचे नाही, पुढचे गद्य लगेच उघडायचे. ओळी संपल्यावर फुले सांगतात, की शूद्र शेतकरी आज अशा दैन्यावस्थेला पोहोचला त्याची धर्म आणि राज्य यांच्याशी संबंधित अनेक कारणे आहेत. त्यानंतर ती कारणे माणसांसकट येतात: लादलेल्या जुलमी धर्माची व्यवस्था, सरकारी खात्यांत प्राबल्य असलेले ब्राह्मण कामगार, आणि ऐषआरामात राहून कारभार त्यांच्यावर सोडणारे युरोपियन अधिकारी. पद्यात जो कर्ता नव्हता, तो गद्यात नाव घेऊन पुढे उभा केला जातो.

इथे एक विसंगतीही दिसते, आणि नवख्याने अशा जागी घाबरून पुढे जाऊ नये. पद्य म्हणते ‘एका अविद्येने’, आणि पुढचेच गद्य म्हणते कारणे अनेक आहेत. मग एक की अनेक? विसंगतीला लेखकाची चूक समजून सोडून दिले तर हातचा उत्तम धागा जातो. तिला रचनेचा भाग मानून पाहिले तर असे दिसते, की पद्य एका अशा विधानावर संमती मिळवते ज्याला शेतकरी, सुशिक्षित ब्राह्मण आणि इंग्रज अधिकारी यांपैकी कोणीही सहजी नाही म्हणणार नाही. शिक्षणाच्या अभावाने नुकसान होते, हे कोण नाकारील? ही संमती हाती आल्यावर गद्य विचारते, की मग ही अविद्या ठेवली कोणी? आता ज्याने मान डोलावली होती त्याला मागे फिरणे अवघड जाते. आरोप आधी आणि नुकसान नंतर असा उलटा क्रम असता, तर ज्यांच्यावर आरोप आहे त्यांनी, आणि त्यांच्याकडे झुकणाऱ्यांनीही, पुस्तक दुसऱ्या वाक्यालाच मिटले असते.

आता भिंतीवरच्या ओळींकडे वळतो. गद्य कापून सहा ओळी तेवढ्या रंगवल्या, की कर्ता उघड करणारा अर्धा भाग नाहीसा होतो, आणि मागे राहते ती ‘शिका, नाहीतर असे होईल’ अशी ताकीद. शिकला नाहीस तर दोष तुझा, असा तिचा रोख विद्यार्थ्याकडे वळतो. मूळ मजकुराचा रोख, ज्यांनी शिकू दिले नाही त्यांच्याकडे आहे. शब्द तेच आहेत, पण युक्तिवाद जवळजवळ उलटा झाला आहे. पूर्ण मजकूर मिळवा असे पहिल्या पायरीत सांगितले ते यासाठी.

कर्ता शोधण्याची सवय लागावी म्हणून सोसायटीच्या फलकावरील सूचनांवर सराव करायला हरकत नाही. वाशीतल्या किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या कोणत्याही इमारतीत ‘उद्या पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल’ अशी सूचना लागलेली असते. बंद ठेवणारा कोण, महापालिका की समिती की टाकी साफ करणारा कंत्राटदार, हे वाक्यात नसते, आणि म्हणून तक्रार कोणाकडे करायची हेही नसते. सरकारी मराठीने ‘करण्यात येत आहे’ या रचनेवर इतके प्रेम केले आहे, की तिच्यातला कर्ता गायब असल्याचे आपल्याला जाणवतसुद्धा नाही.

चौथी पायरी: क्रम आणि नाद तपासा

क्रियापदांनंतर ओळींच्या जोडणीकडे पाहावे. प्रत्येक ओळीच्या शेवटी जे हरवते, ते पुढच्या ओळीच्या आरंभी कारण म्हणून येते: मती गेली, मतीविना, नीती गेली, नीतीविना. आपल्या अलंकारशास्त्रात या रचनेला कारणमाला म्हणतात. नाव लिहिले तर चांगलेच, पण गुण मिळतात ते परिणाम सांगितल्यावर. परिणाम असा, की दुसऱ्या ओळीपासून प्रत्येक ओळीचा अर्धा भाग ऐकणाऱ्याने आधीच मान्य केलेला असतो. नवे असे केवळ उरलेल्या अर्ध्या ओळीत येते, त्यामुळे हरकत घ्यायला जागा अर्धीच उरते, आणि ती घेईपर्यंत पुढची ओळ आलेली असते.

कारणांची अशी साखळी त्या काळच्या श्रोत्याला अपरिचित नव्हती. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून काम, कामापासून क्रोध, आणि पुढे संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश असा उतार सांगितला आहे, आणि कीर्तन-प्रवचनांतून तो लोकांच्या कानावर येत असे. फुल्यांनी तो समोर ठेवूनच ओळी लिहिल्या असे म्हणायला मजकुरात आधार नाही, म्हणून तसे लिहू नये. परंतु या घाटाची सवय असलेल्या कानाला या ओळी वजनदार वाटल्या असतील, असे म्हणता येते. आणि तुलना केल्यावर एक फरक हाती लागतो. गीतेतली क्रियापदे वर्तमानकाळी आहेत: क्रोधापासून संमोह होतो, कधीही, कोणाच्याही बाबतीत. फुल्यांची क्रियापदे भूतकाळी आहेत: मती गेली, वित्त गेले. एक सार्वकालिक नियम आहे, तर दुसरा एका समाजाच्या बाबतीत घडून गेलेला वृत्तांत.

काळाचा हा फरक महत्त्वाचा का, हे साखळीचा जोर तपासताना कळते. ‘नीतीविना गती गेली’ हा दुवा सर्वत्र लागू होतो का? होत नाही. नीती नसताना ज्यांची भरभराट झाली असे लोक याच ग्रंथात आहेत; खोटे दस्त करणारा सावकार आणि लाच खाणारा कारकून यांची गती कुठे थांबली आहे? नियम म्हणून वाचली तर साखळी इथे तुटते. वृत्तांत म्हणून वाचली तर टिकते, कारण ती शूद्र शेतकऱ्यांच्या बाबतीत काय घडले एवढेच सांगते. हा दुवा कमकुवत आहे हे लिहायला कचरू नये, आणि तो ऐकताना खटकत का नाही, हेही लिहावे. मती, नीती, गती या तिन्ही शब्दांचा नाद एक आहे, आणि कान त्या ओघात पुढे निघून जातो.

तो नाद मोडतो कुठे, ते पाहावे. चौथ्या ओळीत वित्त येते, आणि ‘गेली’ जाऊन ‘गेले’ येते. पहिल्या तीन ओळींचा शेवट ‘ली’ असा आहे, उरलेल्या तीन ओळींचा ‘ले’ असा. बरोबर मध्यावर, मनात घडणाऱ्या गोष्टी संपून हातात मोजता येणारी गोष्ट सुरू होते, आणि लगेच तिच्यामागून माणूस येतो. ‘शूद्र’ हा शब्द पाचव्या ओळीपर्यंत येत नाही. तोवर हे कोणाबद्दल आहे ते ऐकणाऱ्याला सांगितलेले नसते, त्यामुळे पहिल्या चार ओळी कोणालाही आपल्याबद्दलच्या वाटू शकतात. शेवटच्या ओळीत ‘विना’ हा पाच वेळा आलेला शब्द थांबतो, आणि ‘इतके’ विरुद्ध ‘एका’ अशी मांडणी होते. पाच ओळींत पसरलेले नुकसान एका शब्दात गोळा केले जाते.

पाचवी पायरी: सूर कुठे बदलतो ते ठिपके देऊन दाखवा

सुराबद्दल लिहिताना ‘गंभीर’, ‘तळमळीचा’, ‘परखड’ अशी विशेषणे लगेच सुचतात. त्यांपैकी कोणतेही विशेषण लिहिण्याआधी समासात ठिपका द्यावा आणि तो सूर कोणत्या शब्दामुळे ऐकू आला ते लिहावे. शब्द दाखवता आला नाही तर विशेषण खोडावे.

या उपोद्घातात सूर निदान तीनदा बदलतो. पद्यात तो शोकाचा आहे, आणि वाक्ये लहान आहेत. कारणे सांगताना वाक्ये लांबतात, एका आरोपाला दुसरा जोडला जातो, आणि एखाद्या फिर्यादीचा सूर लागतो. त्यानंतर फुले शेतकऱ्यांचे प्रकार सांगू लागतात तेव्हा सूर एकदम माहितीपर होतो: निव्वळ शेती करणारे ते कुणबी, शेती सांभाळून बागायत करणारे ते माळी, आणि हे करून मेंढ्यांचे कळप बाळगणारे ते धनगर. ते पुढे सांगतात, की या तिघांत बेटीव्यवहार होत नसले तरी अन्नव्यवहार होतात, आणि त्यावरून हे पूर्वी एकच असावेत.

हा भाग विद्यार्थी ‘माहिती’ म्हणून वगळतात, कारण तिथे आवाज चढलेला नसतो. मला तो उपोद्घातातला सर्वांत धूर्त भाग वाटतो. तीन वेगळ्या जातींचे श्रोते समोर बसलेले आहेत आणि त्यांना एका बाजूने उभे करायचे आहे. ‘एक व्हा’ असे आवाहन केले असते तर ते मानायचे की नाही हे श्रोत्याच्या मर्जीवर राहिले असते. व्याख्या करताना जातीचा भेद कामाच्या भेदावर आणून ठेवला, की ऐकणारा जवळच्या ताटातल्या भाकरीच्या आधाराने स्वतःच निष्कर्षाला येतो. जिथे लेखक फक्त माहिती देत असल्यासारखा दिसतो, तिथे दोनदा थांबावे.

सूर वाचकानुसार कसा बदलतो हे पडताळायचे असेल तर त्याच लेखकाचे दुसऱ्या वाचकासाठीचे लेखन शेजारी ठेवावे. हंटर आयोगापुढचे १८८२ सालचे निवेदन इंग्रजीत आहे आणि सरकारला उद्देशून आहे. सरकारच्या महसुलाचा मोठा भाग कष्टकऱ्यांच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हा मुद्दा तिथे आहे, आणि प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी नेमकी मागणीही आहे. गाभा तोच आहे: विद्या नाही म्हणून समाज खचला. पण आयोगाला शोक ऐकवायचा नव्हता, शिफारस हवी होती, म्हणून तिथे हिशेब आणि वयाची अट येते. शेतकऱ्यांच्या बैठकीत पाठ होईल असे काही हवे होते, म्हणून तिथे मती, नीती आणि गती येतात.

सहावी पायरी: शब्द बदलून पाहा

आपण सांगतो तो परिणाम खरोखर लेखकाच्या निवडीमुळे घडतो की आपल्याला वाटतो, याची एक साधी कसोटी आहे. मजकूर मुद्दाम बिघडवावा. सहा ओळींऐवजी ‘शिक्षण नसल्यामुळे शूद्र शेतकरी गरीब झाला’ असे वाक्य लिहून पाहावे. अर्थाचा सांगाडा उरतो, पण मधल्या तीन पायऱ्या जातात, आणि शिक्षण व गरिबी यांचा संबंध नुसता सांगितलेला राहतो, घडताना दिसत नाही. मग पाचवी ओळ पहिली करून पाहावी: ‘वित्ताविना शूद्र खचले’ हे आरंभी आले, की ऐकणाऱ्याला आपल्याबद्दल आहे की दुसऱ्याबद्दल ते लगेच कळते, आणि ज्याला ते दुसऱ्याबद्दल वाटेल तो तिथेच सुटतो. असा बदल करून काहीच फरक पडला नाही, तर आपण ज्याला युक्ती म्हणत होतो ती युक्ती नव्हती असे समजून तो मुद्दा वगळावा.

सातवी पायरी: परिच्छेद लिहा

नवख्याच्या वहीत हमखास आढळणारा परिच्छेद असा असतो: ‘महात्मा फुले यांनी या ओळींत अतिशय प्रभावी व ओघवती भाषा वापरली आहे. पुनरुक्तीमुळे ओळी वाचकाच्या मनाला भिडतात. यातून त्यांची समाजाविषयीची तळमळ दिसते.’ यातले एकही वाक्य चुकीचे नाही, आणि एकही वाक्य याच मजकुराबद्दल नाही. फुल्यांचे नाव काढून दुसऱ्या कोणाचेही घातले तरी ते चालून जाते.

तोच मुद्दा कामाच्या रूपात असा लिहिता येतो: ‘पहिल्या पाच ओळींत फुले करणारा नसलेली क्रियापदे वापरतात आणि सहाव्या ओळीत कर्तेपण अविद्येला देतात. त्यामुळे ज्या वर्गावर पुढच्या गद्यात ते आरोप करणार आहेत, त्या वर्गातला वाचकही या टप्प्यावर त्यांच्याशी असहमत होऊ शकत नाही. गद्यात धर्म आणि राज्यकारभार यांचा उल्लेख येतो तेव्हा नुकसानीबद्दलचा वाद मिटलेला असतो आणि फक्त जबाबदार कोण एवढाच प्रश्न उरतो.’ आधी निवड, मग तिच्यामागचा वाचक, मग परिणाम, अशी ही मांडणी आहे. अवतरण लांबलचक घेतलेले नाही, कारण दोन-तीन शब्द पुरतात. पहिल्या विश्लेषणात असे तीन किंवा चार परिच्छेद पुष्कळ झाले. सापडलेली प्रत्येक गोष्ट लिहायला गेल्यास ती यादी होते, म्हणून ज्या निरीक्षणांचे धागे एकमेकांत गुंततात तीच ठेवावीत. या मजकुरात कर्त्याचा प्रश्न, एक-अनेकची विसंगती आणि जातींची व्याख्या ही तीन निरीक्षणे एकाच धाग्यात बसतात. ‘ली’ आणि ‘ले’ यांचे निरीक्षण कितीही गोड वाटले तरी त्याला एखाद-दुसऱ्या वाक्यापेक्षा जास्त जागा देऊ नये.

लिहिताना ‘फुल्यांना असे वाटत होते’, ‘त्यांनी मुद्दाम असे केले’ ही वाक्ये टाळावीत. लेखकाच्या मनात काय होते हे आपल्याला माहीत नसते. मजकूर काय करतो ते आपल्यासमोर असते. ‘या क्रमामुळे वाचकाची संमती आधी मिळते’ हे दाखवता येते, ‘संमती मिळवण्याचा त्यांचा डाव होता’ हे दाखवता येत नाही. तसेच १८८३ सालच्या श्रोत्याला ‘शूद्र’ हा शब्द कसा ऐकू आला असेल आणि आज आपल्याला तो कसा ऐकू येतो, यांची गल्लत करू नये. आजच्या कानाला तो शब्द बोचतो म्हणून लेखकाचा सूर उपहासाचा आहे असे लिहिणारे दरवर्षी निघतात. उपोद्घातात तो शब्द लेखक ज्यांच्या बाजूने बोलतो त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या सह्या त्याने अभिमानाने सांगितल्या आहेत त्यांनाही तो ‘शूद्र गृहस्थ’ असेच म्हणतो.

शेवटी आपला खर्डा समोर घेऊन त्यातल्याही क्रियापदांखाली रेघा ओढाव्यात. ‘सांगितले आहे’, ‘दाखवले गेले आहे’, ‘व्यक्त होते’ अशी क्रियापदे ओळीने लागलेली दिसली, तर कोणी, कोणत्या शब्दाने आणि कोणाला, हे प्रत्येक वाक्याला विचारावे, आणि ज्या वाक्याला उत्तर देता येत नाही ते काढून टाकावे.